सीआरआर ३ टक्के, मग एकटी बँक ३३ पट कर्ज देते का?

शहापूर_बीकॉम

नमस्कार मंडळी. मी बेळगावात बीकॉमला आहे. बँकिंगच्या पेपरात पतनिर्मितीवर हमखास प्रश्न येतो. वर्गात उदाहरण झालं ते असं: कुणीतरी १०,००० रुपये ठेवले, राखीव प्रमाण १० टक्के धरलं. बँक १,००० बाजूला ठेवते, ९,००० कर्ज देते. ते ९,००० दुसऱ्या बँकेत ठेव होऊन येतात, ती ८,१०० देते आणि असं करत करत एकूण ठेवी १ लाख होतात. हे गणित मला येतं.

अडचण पुढं आहे. माझे मामा एका बँकेच्या शाखेत आहेत. ते म्हणाले, "आम्ही कर्ज देताना कुणाची ठेव काढून देत नाही. कर्जखातं नावे टाकतो आणि पार्टीचं चालू खातं जमा करतो. पैसा तिथंच तयार होतो." आता सीआरआर, म्हणजे ठेवींपैकी रिझर्व्ह बँकेत ठेवावाच लागणारा रोख वाटा, ३ टक्के आहे. मग एखाद्या बँकेकडं १० लाख जास्तीचे असतील, तर ती एकटी १० लाख भागिले ०.०३ म्हणजे ३ कोटी ३३ लाखांचं कर्ज लिहू शकेल का? लिहू शकत असेल तर "आधी ठेव, मग कर्ज" असं पुस्तक का सांगतं? आणि लिहू शकत नसेल तर मामा काय चुकीचं बोलले?

आणखी एक. आमच्या घरी यंत्रमाग आहेत, बाबांची कॅश क्रेडिटची १० लाखांची लिमिट आहे. ती मंजूर झाली त्या दिवशी १० लाख नवीन पैसा तयार झाला का?

गणित_पक्कं

३३ चा आकडाच धरू नकोस. सीआरआर ३ आणि एसएलआर, म्हणजे सरकारी रोखे, सोनं, रोख यांत ठेवायचा वाटा, १८, दोन्ही मिळून २१ टक्के. १ भागिले ०.२१ म्हणजे गुणक ४.७६. तुझ्या १० लाखांवर एकूण ठेवी ४७ लाख ६२ हजार. परीक्षेत हेच लिही.

मामांचं बरोबर आहे. कर्ज दिलं की ठेव तयार होते. म्हणून बाबांची लिमिट मंजूर झाली तेव्हाच १० लाख तयार झाले.

ट्रेझरीतले_काका

मामांचं वाक्य खरं आहे आणि पुस्तकाचं गणितही खरं आहे. दोघं वेगवेगळ्या क्षणांबद्दल बोलतायत. मामा कर्ज लिहिण्याच्या क्षणाबद्दल बोलतात, पुस्तक पैसे बँकेतून बाहेर गेल्यानंतरच्या स्थितीबद्दल. मी निवृत्तीपर्यंत एका बँकेच्या ट्रेझरीत होतो आणि आमचं रोजचं काम या दोन क्षणांच्या मधल्या जागेतच चालायचं. एक छोटी बँक घेऊ आणि आकड्यांनीच बघू.

बँकेकडं ठेवी ५० कोटी. ३ टक्क्यांनी सीआरआरला लागतात दीड कोटी. रिझर्व्ह बँकेतल्या तिच्या खात्यावर आहेत १ कोटी ६० लाख, म्हणजे १० लाख जास्तीचे. एसएलआरचे रोखे पुरेसे आहेत असं धरा, त्याबद्दल नंतर बोलू.

तू म्हणतोस तसं बँकेनं ३ कोटी ३३ लाखांचं कर्ज लिहिलं. पार्टीच्या चालू खात्यावर रक्कम जमा. ठेवी झाल्या ५३ कोटी ३३ लाख, त्यावर ३ टक्के म्हणजे १ कोटी ६० लाख. रिझर्व्ह बँकेत तेवढेच आहेत. संध्याकाळी हिशेब बंद करताना एक पैसाही कमी नाही. मामा म्हणतात ते इथं शंभर टक्के खरं आहे.

पण पार्टीनं कर्ज कशाला घेतलं? खात्यावर आकडा बघायला नाही, सूत घ्यायला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती इचलकरंजीच्या सूत व्यापाऱ्याला आरटीजीएस करते. व्यापाऱ्याचं खातं दुसऱ्या बँकेत. आरटीजीएसमध्ये एका बँकेच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यातून दुसऱ्या बँकेच्या तिथल्याच खात्यात तेवढी रक्कम जाते. ३ टक्के नाही, पूर्ण ३ कोटी ३३ लाख. आणि खात्यात आहेत १ कोटी ६० लाख. पेमेंट जाणारच नाही.

आता तीच बँक १० लाखांचंच कर्ज लिहिते. लिहिलं त्या दिवशी ठेवी ५० कोटी १० लाख, सीआरआरची गरज फक्त ३० हजारांनी वाढली. पेमेंट गेलं की रिझर्व्ह बँकेतले १ कोटी ६० चे दीड कोटी झाले, ठेवी परत ५० कोटीवर आल्या आणि त्यावर लागतात दीड कोटीच. बरोबर बसलं. म्हणून एकट्या बँकेची मर्यादा तिच्या जास्तीच्या रकमेइतकीच राहते. कर्ज लिहिताना तिला ३ टक्के लागतात, कर्ज बाहेर जाताना १०० टक्के लागतात.

मग ते ३३ पट येतात कुठून? सूत व्यापाऱ्याच्या बँकेत १० लाख आले. तिला त्यावर ३० हजार ठेवायचे, तिचे जास्तीचे झाले ९ लाख ७० हजार. ती तेवढं देईल. त्यापुढची ९ लाख ४० हजार ९०० देईल. सगळ्या बँकांची बेरीज ३ कोटी ३३ लाखांकडं जाते. एका बँकेतून गेलेला पैसा दुसरीकडं येतो, सगळ्या बँकांच्या मिळून कुंपणाबाहेर जात नाही, म्हणून हे होतं.

बाबांच्या लिमिटचं उत्तर वेगळं लिहितो, त्यात गणित_पक्कं यांच्याशी माझा मतभेद आहे.

वडगाव_मागवाला

काका, एक विचारतो. माझं खातं वडगावच्या शाखेत, सूतवाल्याचं इचलकरंजीच्या शाखेत, खरं बँक एकच. मी पैसे पाठवले की बेळगावचा पैसा महाराष्ट्रात गेला म्हणायचं, खरं बँकेचं तर काहीच गेलं नाही की. मग इथल्या शाखेला सीआरआर कमी पडतो का? आमच्यात म्हणतात सगळा पैसा तिकडं जातोय म्हणून इथं कर्ज मिळत नाही.

ट्रेझरीतले_काका

अगदी मुद्द्याचं विचारलंत. सीआरआर शाखेचा नसतो, जिल्ह्याचा नसतो, राज्याचाही नसतो. बँकेच्या सगळ्या शाखांच्या ठेवी एकत्र धरून मुख्य कार्यालय हिशेब करतं आणि रक्कम रिझर्व्ह बँकेत ठेवतं. शाखेतल्या मॅनेजरला तो कधी दिसतही नाही. तुमचे पैसे वडगावहून इचलकरंजीला एकाच बँकेत गेले तर रिझर्व्ह बँकेतल्या खात्याला धक्काच लागत नाही, फक्त ठेवीदार बदलतो. राज्याची सीमा या हिशेबात कुठंच येत नाही. सीमा आहे ती एका बँकेची आणि दुसऱ्या बँकेची.

म्हणूनच मोठ्या बँकेला छोट्या बँकेपेक्षा जास्त मोकळीक मिळते. तिनं दिलेल्या कर्जाचा काही भाग फिरून तिच्याच दुसऱ्या शाखेत येतो. समजा दर १०० रुपयांतले २० तिच्याकडंच राहतात, तर जास्तीच्या १० लाखांवर ती साधारण १२ लाखांपर्यंत जाऊ शकेल. ३ कोटी ३३ लाखांपर्यंत तीही जाऊ शकत नाही.

इथं कर्ज का मिळत नाही हा प्रश्न खरा आहे, पण त्याचं उत्तर सीआरआरमध्ये नाही. एखाद्या भागातल्या ठेवींच्या मानानं तिथं कर्ज किती वाटलं, हे वेगळं प्रमाण आहे आणि त्यावर बँकेच्या धोरणाचा परिणाम होतो.

निपाणीची_वाचक

माझा प्रश्न वेगळा वाटेल, पण विचारते. आमच्या घरातली तंबाखूच्या पैशाची ठेव इथल्या एका सौहार्द सोसायटीत होती. गेलं वर्षभर ते रोज थोडे थोडे करूनच पैसे देतायत, पिग्मीवाला तर यायचाच बंद झाला. सोसायटीला सीआरआर असता तर आमचे पैसे वाचले असते ना? मग सीआरआर ३ टक्क्यांवर आणणं म्हणजे ठेवीदारांचं नुकसानच नाही का?

ट्रेझरीतले_काका

ताई, तुमची काळजी समजते. पण सीआरआर ठेवीदाराला परत देण्यासाठी राखून ठेवलेला पैसा नव्हे. १०० रुपयांतले ३ रुपये रिझर्व्ह बँकेत असले आणि उरलेली कर्जं बुडाली, तर त्या ३ रुपयांनी कुणाचं भागणार? ठेवीदाराचं संरक्षण येतं ते भांडवल, तपासणी आणि ठेव विमा यांतून. बँकेतल्या ठेवीला ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांपर्यंत विमा आहे, सहकारी बँकाही त्यात येतात. सौहार्द सोसायटी आणि पतसंस्था त्यात येत नाहीत. नावात सहकारी आहे म्हणून ती बँक होत नाही, हे आपल्या भागात फार लोकांना माहीत नसतं. तुम्ही सहकार निबंधकांच्या कार्यालयात लेखी तक्रार दिली आहे का? दिली नसेल तर ठेवपावत्यांच्या प्रती जोडून द्या.

विद्यार्थ्यांसाठी मात्र ताईंच्या प्रश्नात एक चांगला धागा आहे. बँक आणि सोसायटी यांच्यातला फरक पतनिर्मितीचाच आहे. सोसायटीनं १ लाखाचं कर्ज दिलं तर बँकेत असलेल्या तिच्या खात्यातून १ लाख जातात आणि कर्जदाराच्या बँक खात्यात येतात. बँकांमधल्या एकूण ठेवी होत्या तेवढ्याच राहिल्या. सोसायटीनं आधीच असलेला पैसा एका हातातून दुसऱ्या हातात दिला. "आधी ठेव, मग कर्ज" हे सोसायटीला अक्षरशः लागू पडतं.

गणित_पक्कं

इथं मी सहमत नाही. कित्येक सोसायट्या स्वतःच सेव्हिंग खातं देतात. कर्जाची रक्कम त्या सेव्हिंगला जमा करतात. मग बँकेसारखीच एन्ट्री झाली ना? कर्ज नावे, ठेव जमा.

ट्रेझरीतले_काका

एन्ट्री तशीच, मान्य. फरक पडतो तो पुढच्या पेमेंटला. त्या सेव्हिंगवरून सूत व्यापाऱ्याला पैसे द्यायचे तर सोसायटीला शेवटी बँकेतल्या आपल्या खात्यातूनच द्यावे लागतात. दोन सभासद एकमेकांना सोसायटीच्या पुस्तकातच पैसे फिरवत राहिले तर तेवढ्यापुरता तो पैशासारखा चालतो, हे मी नाकारत नाही. रिझर्व्ह बँक मात्र पैशाचा पुरवठा मोजताना त्याला धरत नाही.

गणित_पक्कं

म्हणजे मोजत नाहीत म्हणून पैसा नाही, असं झालं. ते मला पटत नाही. असो, लिमिटचं सांगा.

ट्रेझरीतले_काका

लिमिटचं. कॅश क्रेडिट मंजूर होणं म्हणजे बँकेनं दिलेलं वचन. त्या दिवशी कुणाच्याही खात्यावर काही जमा होत नाही, ठेवी वाढत नाहीत, सीआरआरही वाढत नाही. बाबांनी १० लाखांच्या लिमिटवर सूतवाल्याला ६ लाख पाठवले की त्यांचं कॅश क्रेडिट ६ लाख नावे होतं आणि सूतवाल्याची ठेव ६ लाखांनी वाढते. देशातला पैसा वाढला तो ६ लाखांनी आणि त्या दुपारी. उरलेले ४ लाख अजून पैसा नाहीत.

याची दुसरी बाजू पुस्तकात सहसा येत नाही. महिन्याभरानं साड्या विकल्या गेल्या आणि साडी व्यापाऱ्यानं आपल्या चालू खात्यातून बाबांच्या कॅश क्रेडिटला ४ लाख भरले. व्यापाऱ्याची ठेव ४ लाखांनी कमी झाली. बाबांची ठेव वाढली का? नाही, त्यांचं नावे बाकी ६ चं २ लाख झालं. ते ४ लाख कुणाच्याच खात्यावर उरले नाहीत. कर्ज देताना पैसा तयार होतो तसा कर्ज फिटताना तो नाहीसा होतो. दिवसभरात देशात लाखो लोक कर्ज उचलतात आणि लाखो लोक फेडतात. पतनिर्मिती म्हणून जी वाढ आकड्यांत दिसते ती या दोन्हींतली वजाबाकी असते.

वडगाव_मागवाला

हे मात्र अगदी असंच होतंय. महिन्याला स्टॉक स्टेटमेंट दिलं की तेवढंच उचलायला मिळतं. आणि लिमिट असली तरी मी सगळी कधी उचलत नाही. साडीला उठाव नसला की सूत भरून काय करू? व्याज चालू होतंय. सीआरआर कमी केला म्हणून मी जास्त उचलणार नाही, माल खपला तर उचलणार.

खानापूर_मॅडम

मी पीयू कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. चर्चा चांगली चालली आहे, पण माझ्या मुलांनी ही वाचली तर परीक्षेत काय लिहायचं याचा गोंधळ होईल, म्हणून बोलते.

एसएलआर गुणकात धरायचा की नाही यावर शहापूरच्या विद्यार्थ्याला स्पष्ट उत्तर हवं. आमच्या पाठ्यक्रमात वैधानिक राखीव प्रमाण म्हणजे सीआरआर आणि एसएलआरची बेरीज, आणि गुणक म्हणजे १ भागिले ते प्रमाण. प्रश्नात "वैधानिक राखीव प्रमाण २० टक्के" दिलं असेल तर गुणक ५ लिहायचा, तिथं वाद घालायचा नाही. फक्त सीआरआर दिला असेल तर फक्त तोच घ्यायचा. गणित_पक्कं यांचं उत्तर त्या चौकटीत बरोबर आहे.

ट्रेझरीतले_काका

मॅडम, परीक्षेपुरतं मान्य. पण बीकॉमच्या मुलाला दोन्ही प्रमाणांचा स्वभाव वेगळा आहे हे कळायला हवं.

सीआरआरचा पैसा रिझर्व्ह बँकेत पडून राहतो. त्यावर २००७ पासून व्याजही मिळत नाही. तो फिरत नाही, म्हणून तो साखळीतून खरोखर गळतो. एसएलआरचा पैसा असा पडून राहत नाही. बँक त्यातून बहुतेक सरकारी रोखे घेते. सरकार त्या पैशातून पगार देतं, कंत्राटदाराची बिलं देतं, रस्ते करतं, आणि ते पैसे पुन्हा कुणाच्या तरी खात्यात ठेव होऊन येतात. म्हणजे एसएलआर साखळी तोडत नाही. तो फक्त ठरवतो की तयार झालेल्या पैशातला किती वाटा सरकारकडून येईल आणि किती मागवाल्याकडून.

आपल्याच १० लाखांवर, सगळं पुस्तकासारखं सुरळीत चाललं असं धरून बघा. एकूण ठेवी ३ कोटी ३३ लाख. त्यातले १० लाख सीआरआर, १८ टक्के म्हणजे ६० लाख रोखे, उरलेले २ कोटी ६३ लाख कर्ज. बेरीज जुळते. गणित_पक्कं यांच्या पद्धतीत ठेवी ४७ लाख ६२ हजारांवरच थांबतात, कारण तिथं रोख्यांत गेलेला पैसा परत येतच नाही असं गृहीत आहे.

मी नोकरीला लागलो तेव्हा, नव्वदच्या सुमारास, सीआरआर १५ आणि एसएलआर ३८.५ टक्के होता. म्हणजे १०० रुपयांच्या ठेवीतून कर्जाला उरायचे ४६ रुपये ५० पैसे. १९९१ च्या नरसिंहम समितीनं या दोन्ही प्रमाणांवर बोट ठेवलं ते यासाठीच. त्या काळात दोन्हींचा चाप खरोखर जाणवायचा.

खानापूर_मॅडम

एसएलआर रोख रकमेत आणि सोन्यातही ठेवता येतो. त्या भागाचा पैसा परत फिरतोच असं नाही. म्हणून बेरीज करणं अगदीच निराधार नाही. व्यवहारात बहुतांश रोखेच असतात हे मात्र खरं.

शहापूर_बीकॉम

काका, तुमची पहिली पोस्ट मी वहीत उतरवून घेतली. आता पुढची शंका. ३ कोटी ३३ लाख सगळ्या बँका मिळून खरंच होतात का? मी रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीत पाहिलं, तिथं गुणक पाच-सहाच्या आसपास दिसतो. हा गणित_पक्कं यांच्या ४.७६ च्या जवळ आहे, तुमच्या ३३ च्या नाही. मग तेच बरोबर ना?

गणित_पक्कं

हेच मी म्हणत होतो.

ट्रेझरीतले_काका

आकडा जवळ आला, पण कारण वेगळं आहे. ३३ चे पाच-सहा होतात ते एसएलआरमुळे नाही, नोटांमुळे.

मागाचा मालक सूताचे पैसे आरटीजीएसनं देतो, पण कामगारांची मजुरी बहुतेक ठिकाणी रोखीनंच जाते. त्यासाठी तो बँकेतून नोटा काढतो. नोटा बँकेबाहेर गेल्या की तेवढी रक्कम बँकांच्या कुंपणाबाहेर गेली, त्यावर पुढचं कर्ज उभं राहत नाही. समजा ठेवी १०० नं वाढल्या की लोक सोबत १५ रुपये नोटांत ठेवतात. मग साखळीतून दर १०० मागं ३ रुपये सीआरआरला आणि १५ रुपये नोटांना जातात. १० लाख भागिले ०.१८ म्हणजे ठेवी ५५ लाख ५६ हजार. ३ कोटी ३३ लाख कुठं आणि हे कुठं.

आता सीआरआर ४ टक्के असता तर? १० लाख भागिले ०.१९, म्हणजे ५२ लाख ६३ हजार. पुस्तकी सूत्र म्हणतं की सीआरआर ४ वरून ३ वर आला की गुणक २५ वरून ३३ होतो, एक तृतीयांश वाढ. नोटा धरल्या तर वाढ जेमतेम साडेपाच टक्के. सीआरआरमधल्या बदलाचा जोर सूत्रात दिसतो त्यापेक्षा इतका कमी का पडतो, ते इथं दिसतं.

याची उलट बाजू २०२३ मध्ये दिसली. १९ मे रोजी २,००० च्या नोटा मागं घेण्याची घोषणा झाली, लोकांनी त्या बँकेत भरल्या. म्हणजे गळालेला पैसा कुंपणात परत आला आणि बँकांकडं जास्तीची रक्कम साचली. ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेनं १९ मे ते २८ जुलै या काळात वाढलेल्या ठेवींवर १० टक्के जादा सीआरआर लावला. तात्पुरताच होता, ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत टप्प्याटप्प्यानं काढून घेतला. सगळ्या ठेवींवर प्रमाण न वाढवता फक्त वाढलेल्या ठेवींवर लावलं, ही बारीक गोष्ट लक्षात ठेव.

खानापूर_मॅडम

काका, मग २०२५ मध्ये सीआरआर ४ वरून ३ केला तेव्हा अडीच लाख कोटी मोकळे होणार असं सगळीकडं आलं होतं. साडेपाच टक्के आणि अडीच लाख कोटी यांचा मेळ मुलांना कसा सांगायचा?

ट्रेझरीतले_काका

दोन वेगळे परिणाम आहेत. आपल्या ५० कोटींच्या बँकेवर बघा. ४ टक्क्यांनी तिचे २ कोटी अडकले होते, ३ नं दीड कोटी. ५० लाख आजच मोकळे झाले. देशातल्या सगळ्या बँकांची अशी बेरीज म्हणजे ते अडीच लाख कोटी. हा आधीच्या ठेवींवरचा, एकदाच मिळणारा परिणाम. गुणक बदलतो तो यापुढच्या साखळीचा परिणाम. रिझर्व्ह बँकेनं कपात एकदम न करता ६ सप्टेंबर, ४ ऑक्टोबर, १ नोव्हेंबर आणि २९ नोव्हेंबर अशा चार हप्त्यांत पाव-पाव टक्क्यानं केली, म्हणजे मोकळी होणारी रक्कम एकदम बाजारात येऊन व्याजदर घसरायला नकोत.

आणि मोकळे झालेले ५० लाख कर्जातच जातील असं नाही. बँक रोखे घेऊ शकते, आधी घेतलेली उसनवारी फेडू शकते. वडगावच्या दादांनी वर लिहिलं तेच, घेणारा असल्याशिवाय देणाऱ्याचं काही चालत नाही.

शहापूर_बीकॉम

आणि एखाद्या दिवशी बँकेला सीआरआर कमीच पडला तर? कर्ज देणं बंद होतं का?

ट्रेझरीतले_काका

नाही. म्हणूनच "प्रमाणानं कर्ज रोखलं जातं" हे वाक्य मला अर्धंच वाटतं. सीआरआर पंधरवड्याच्या सरासरीनं पाळायचा असतो, कोणत्याही एका दिवशी गरजेच्या ९० टक्क्यांखाली जायचं नाही एवढंच. आपल्या बँकेला दीड कोटी हवेत, तर एखाद्या दिवशी १ कोटी ३५ लाख चालतात, दुसऱ्या दिवशी जास्त ठेवून सरासरी भरायची. तरीही कमी पडलं तर दुसऱ्या बँकेकडून एका रात्रीसाठी उसने घ्यायचे किंवा रोखे तारण ठेवून रिझर्व्ह बँकेकडून घ्यायचे. हे न जमल्यास तुटीवर बँक रेटपेक्षा ३ टक्के जादा दंडव्याज, पुढंही तूट राहिली तर ५ टक्के जादा.

म्हणजे कमी पडलेली रक्कम मिळते, पण महाग पडते. व्याजदर रेपोच्या, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना उसने देते त्याच्या, आसपास राहावा म्हणून रिझर्व्ह बँक स्वतःच बाजाराला लागेल तेवढी रक्कम पुरवते किंवा शोषून घेते. त्यामुळं रोजच्या व्यवहारात आम्ही "गुणक किती उरला" असं कधी बघितलं नाही. बघायचो ते हे की आज कर्ज दिलं तर उद्याची रक्कम कितीला पडेल, आणि त्या भावानं कर्ज परवडतं का.

गणित_पक्कं

मग अमेरिकेत मार्च २०२० पासून राखीव प्रमाण शून्य आहे. १ भागिले शून्य. तुमच्या म्हणण्यानं तिथंही काही बिघडलं नाही. असं असेल तर हे प्रमाण ठेवायचंच कशाला?

ट्रेझरीतले_काका

तिथं बँका अनंत कर्ज देत सुटल्या नाहीत, कारण पेमेंट बाहेर जाताना लागणारी पूर्ण रक्कम तिथंही लागतेच. आणि भांडवलाची अट आहेच. आपल्याकडं किमान ९ टक्के, म्हणजे पूर्ण जोखमीचं १० लाखांचं कर्ज लिहायचं तर बँकेचं स्वतःचं ९० हजार भांडवल त्यामागं हवं. कर्ज बुडालं की पहिला घाव त्यावर बसतो. सीआरआरमधली जास्तीची रक्कम कितीही असली तरी भांडवल संपलं की बँक थांबते.

प्रमाण ठेवायचं कशाला, यावर माझं मत असं की आपल्यासारख्या देशात, जिथं परदेशी पैसा कधी भरभरून येतो आणि कधी निघून जातो, तिथं साचलेली रक्कम पटकन शोषून घ्यायला ते हाताशी हवं. २०२३ हे त्याचंच उदाहरण.

खानापूर_मॅडम

माझं मत थोडं वेगळं. मुलांना भांडवलापासून सुरुवात केली तर त्यांना काहीच कळणार नाही. १०,००० चं कोष्टक आधी, तुमची ५० कोटींची बँक त्यानंतर. पण तुमच्या बँकेतला तो दुसऱ्या दिवशीचा आरटीजीएस मी या वर्षी वर्गात घेणार आहे. फक्त एक विचारते, तुम्ही म्हणता तसं रिझर्व्ह बँक लागेल तेवढी रक्कम पुरवत असेल तर ती मूळ १० लाखांची "जास्तीची रक्कम" आधी येते की कर्जाच्या मागणीमागून येते?

ट्रेझरीतले_काका

एका बँकेपुरतं बघितलं तर आधी लागते. सगळ्या देशाचं बघितलं तर पुष्कळदा मागून येते. २०१४ मध्ये बँक ऑफ इंग्लंडनं आपल्या तिमाही अंकात हेच मांडलं की कर्ज आधी आणि राखीव रक्कम नंतर. ते ब्रिटनबद्दल होतं, तिथं असं सक्तीचं प्रमाणच नाही. आपल्याकडं ते कितपत जसंच्या तसं लागू होतं यावर आमच्या ट्रेझरीतही दोन तट होते.

गणित_पक्कं

मी दुसऱ्या तटाचा. सीआरआर कापला तेव्हाच कर्जवाढ होते असं मला वाटतं. आकडे काढून टाकतो.

ट्रेझरीतले_काका

जरूर टाका. रिझर्व्ह बँक बँकांच्या ठेवी आणि कर्जाचे आकडे दर पंधरवड्याला देते. कपातीच्या आधीचं वर्ष आणि नंतरचं वर्ष असे एकाच महिन्याचे आकडे घ्या. मार्चअखेर आणि एप्रिल शेजारी ठेवू नका, वर्षअखेरीला आकडे फुगतात. आणि रेपो कधी कमी झाला तेही बाजूला लिहा, कारण २०२५ मध्ये दोन्ही एकाच वर्षात कमी झाले आहेत आणि कुणामुळं काय झालं हे वेगळं करणं तिथंच अवघड आहे.